एकच चेक, तीन प्रकरणे : दिवाणी आणि फौजदारी न्यायालय पुरावा कसा तोलते

तालुक्याच्या न्यायालयात दारावरच्या पाटीवर एकाच न्यायाधीशाच्या नावाखाली बहुतेक वेळा दोन पदे लिहिलेली असतात : सह दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग. खुर्ची तीच, कारकून तेच, समोर उभे असलेले वकीलही पुष्कळदा तेच. तरीही एका बोर्डावरच्या प्रकरणात ज्या पुराव्यावर न्यायाधीश वादीच्या बाजूने हुकूमनामा करतील, त्याच पुराव्यावर दुसऱ्या बोर्डावरच्या प्रकरणात ते आरोपीला निर्दोष सोडतील, आणि दोन्ही निकाल कायद्याने बरोबर असतील. न्यायालयाची पायरी चढणाऱ्या बहुतेकांना हे अन्यायकारक वाटते. मात्र हा फरक नीट समजला नाही, तर माणूस चुकीच्या दारावर वर्षानुवर्षे ताटकळत राहतो आणि खऱ्या दारावरची मुदत निघून जाते. म्हणून येथे एकच व्यवहार घेऊन तो तिन्ही वाटांनी शेवटपर्यंत नेऊन पाहू.

उदाहरणातील व्यवहार

एका शिक्षकाने ओळखीच्या किराणा दुकानदाराला १२ ऑगस्ट २०२४ रोजी ४,००,००० रुपये हातउसने दिले. त्यांपैकी २,५०,००० रुपये बँकेतून एनईएफटीने गेले आणि १,५०,००० रुपये रोख दिले. स्टॅम्पपेपर केला नाही, कारण ओळख जुनी होती. दुकानदाराने पहिले काही महिने व्हॉट्सॲपवर ‘दिवाळीनंतर नक्की देतो’, ‘माल अडकला आहे, थोडे थांबा’ असे निरोप पाठवले आणि अखेर ५ मे २०२५ या तारखेचा चार लाखांचा चेक दिला. तो ९ मे रोजी खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याच्या शेऱ्यासह परत आला. आता दुकानदार म्हणतो की, ते पैसे उसने नव्हते, शिक्षकाच्या घराच्या बांधकामासाठी साहित्य आणून देण्याची ती आगाऊ रक्कम होती, आणि चेक फक्त तारण म्हणून दिला होता.

शिक्षकापुढे तीन वाटा आहेत. पैसे वसूल करण्यासाठी दिवाणी दावा, चेक न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या, कलम १३८ खाली खासगी तक्रार, आणि फसवणुकीबद्दल पोलिसांत फिर्याद.

पहिली पायरी : कोणती गोष्ट सिद्ध करायची आहे ते लिहून काढा

वकिलाकडे जाण्यापूर्वी एका कागदावर तीन वाक्ये लिहावीत. दिवाणी दाव्यात सिद्ध करायचे ते इतकेच : मी पैसे उसने दिले आणि ते परत आले नाहीत. कलम १३८ मध्ये सिद्ध करायचे ते असे : कायदेशीर देणे फेडण्यासाठी दिलेला चेक वटला नाही आणि नोटीस मिळूनही रक्कम दिली गेली नाही. फसवणुकीत मात्र सिद्ध करायची गोष्ट अगदी वेगळी आहे : पैसे घेतले त्या दिवशीच, म्हणजे १२ ऑगस्ट २०२४ रोजीच, दुकानदाराच्या मनात ते बुडवायचे होते.

पहिली गोष्ट व्यवहाराची आहे, दुसरी कागदाची, तिसरी मनातल्या हेतूची. पुरावा किती भक्कम लागेल, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

तराजू दोन कसे झाले

अनेकांना आश्चर्य वाटेल, पण ‘सिद्ध झाले’ याची कायद्यातील व्याख्या दिवाणी आणि फौजदारी दोन्हींसाठी एकच आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती कलम ३ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. समोरचा मजकूर पाहून न्यायालयाला ती गोष्ट खरी वाटली पाहिजे, किंवा ती इतकी संभवनीय वाटली पाहिजे की एखादा समंजस माणूस त्या परिस्थितीत ती खरी धरून वागेल. व्याख्येत टक्केवारी नाही आणि दिवाणी-फौजदारी असा भेदही नाही. भेद केला आहे तो न्यायालयांनी, कारण समंजस माणूस परिणाम पाहून सावध होतो. चार लाखांचे देणे कोणावर बसवायचे हे ठरवताना तो जितका पुरावा मागेल, त्याहून कितीतरी अधिक एखाद्याला तुरुंगात पाठवण्यापूर्वी मागेल.

हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या दास्ताने विरुद्ध दास्ताने या निकालात फार स्पष्टपणे मांडला. वाद वैवाहिक होता आणि न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्यासमोर प्रश्न असा होता की, पतीने पत्नीवर केलेले क्रूरतेचे आरोप फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत सिद्ध करावेत काय. न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले. दिवाणी वादात दोन बाजूंच्या कथनांपैकी जे अधिक संभवनीय, ते स्वीकारायचे. मात्र आरोप जितका गंभीर, तितके ते पारडे काळजीपूर्वक पाहायचे.

दुसऱ्या तराजूची भाषा १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खुनाच्या खटल्यात सापडते. आरोपीने गुन्हा ‘केला असेल’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ या दोन वाक्यांमध्ये मोठे अंतर आहे आणि शिक्षा फक्त दुसऱ्या वाक्यावर देता येते, हा त्या निकालाचा आशय आहे. मराठीत हा फरक क्रियापदातच ऐकू येतो. दिवाणी न्यायालय ‘असावे’ वर थांबू शकते, फौजदारी न्यायालयाला ‘असलेच पाहिजे’ पर्यंत जावे लागते. त्याच निकालात असेही बजावले आहे की, वाजवी संशय म्हणजे ओढूनताणून काढलेली शंका नव्हे आणि प्रत्येक क्षुल्लक विसंगतीचा फायदा आरोपीला द्यायचा नाही. निकालाची ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे.

दुसरी पायरी : तारखा मांडा

पुरावा कितीही चांगला असला तरी मुदत गेली की तो तोललाच जात नाही. कलम १३८ मधील मुदती कडक आहेत. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या वैधतेत बँकेत सादर झाला पाहिजे. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी नोटीस पाठवली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला रक्कम देण्यासाठी असतात. ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार दाखल झाली पाहिजे.

आपल्या उदाहरणात शिक्षकाने २३ मे रोजी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि दुकानदाराला ती २८ मे रोजी मिळाली. पंधरा दिवस १२ जूनला संपले, त्यामुळे १३ जूनपासून एक महिन्याच्या आत तक्रार करायला हवी. तक्रारीला उशीर झाला आणि कारण सबळ असले तर न्यायालय तो माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी सवलत नाही. ते चुकले तर एकच उपाय उरतो, तो म्हणजे वैधता शिल्लक असल्यास चेक पुन्हा भरणे आणि तो परत आल्यावर नव्याने नोटीस देणे. पोचपावती आणि बँकेचा रिटर्न मेमो हे दोन कागद जपून ठेवावेत, कारण तक्रारीतील सर्व तारखा त्यांच्यावरच उभ्या असतात.

दिवाणी दाव्याला उसने दिल्यापासून तीन वर्षे मिळतात, म्हणजे येथे १२ ऑगस्ट २०२७ पर्यंत. मुदतीच्या आत कर्जदाराने देणे लेखी कबूल करून सही दिली, तर तीन वर्षे त्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. फौजदारी प्रकरण चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. माझ्या मते या विषयातील सर्वांत महागडा गैरसमज हाच आहे : लोक फौजदारी निकालाची वाट पाहतात आणि तोवर दावा मुदतबाह्य होतो.

दिवाणी दावा : जो गप्प बसला, तो मागे पडला

चेकवर आधारलेला दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा म्हणून करता येतो. त्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची असते आणि नंतर बचाव मांडण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. बचाव लटका वाटला तर न्यायालय रक्कम भरण्याची अट घालू शकते. वादीला दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते आणि दावा चालवण्याचा भारही त्याच्यावरच असतो.

परवानगी मिळून दुकानदाराने कैफियत दाखल केली असे समजू. दिवाणी कामात प्रत्येक कथन मुद्देसूद नाकारावे लागते. जे स्पष्टपणे नाकारले नाही, ते मान्य आहे असे न्यायालय धरू शकते. प्रतिवादी साक्षीच्या पिंजऱ्यात आलाच नाही, तर त्याचे कथन खोटे असल्याचा तर्क त्याच्याविरुद्ध काढता येतो.

आता पारडे पाहू. शिक्षकाकडे अडीच लाखांची बँकेची नोंद आहे. रोख दीड लाखाची पावती नाही, पण ९ ऑगस्ट रोजी त्याच्या खात्यातून १,४०,००० रुपये काढल्याची नोंद आहे. व्हॉट्सॲपवरचे ‘नक्की देतो’ हे निरोप आहेत. ते छापून लावणे पुरेसे नाही, त्यांच्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते नसल्याने ऐन सुनावणीत चांगला पुरावा बाद होताना दिसतो. उलट बाजूला दुकानदाराकडे साहित्याचे एकही बिल नाही, चलन नाही, आणि किराणा दुकानदार बांधकामाचे साहित्य का पुरवील याचे उत्तरही नाही. रोख रकमेबद्दल पूर्ण खात्री नाही, हे खरे. परंतु दिवाणी न्यायाधीशाला एवढेच विचारायचे आहे की, दोन कथनांपैकी अधिक संभवनीय कोणते. तीन दिवस आधी रक्कम काढली जाते, मग चार लाखांचा चेक येतो, आणि निरोपांत कुठेही सिमेंट-विटांचा उल्लेख नाही. हुकूमनामा चारही लाखांचा होण्याची शक्यता येथे चांगली आहे.

कलम १३८ : फौजदारी प्रकरण, पण ओझे उलटे

नवख्या माणसाचा गोंधळ सर्वाधिक येथे होतो. प्रकरण फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो, तरीही कायदा सुरुवातीलाच एक गृहीतक तक्रारदाराच्या पदरात टाकतो. चेकवरची सही आरोपीने मान्य केली की, तो चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कलम १३९ खाली धरले जाते. २०१० च्या रंगप्पा विरुद्ध श्री मोहन या निकालाने सांगितले की, या गृहीतकात कायदेशीर देणे अस्तित्वात असल्याचाही समावेश होतो.

मग आरोपीने ते किती जोराने खोडून काढायचे? संशयातीत नव्हे. त्याला दिवाणी तराजू पुरतो. आपले म्हणणे संभवनीय आहे एवढे त्याने दाखवले की गृहीतक कोसळते आणि देणे सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा तक्रारदाराकडे येते. त्यासाठी आरोपीने स्वतः साक्ष दिलीच पाहिजे असेही नाही. तक्रारदाराच्या उलटतपासणीतूनही तो हे साधू शकतो, कारण आरोपीला गप्प राहण्याचा अधिकार आहे.

म्हणून उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘एवढे पैसे तुमच्याकडे आले कुठून?’ २०१९ च्या बसलिंगप्पा प्रकरणात सहा लाखांच्या उसनवारीवर हाच प्रश्न उभा राहिला. तक्रारदाराला आपली ऐपत दाखवता आली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा दोषी ठरवणारा निकाल रद्द करून आरोपीची सुटका पूर्ववत केली. आपल्या शिक्षकाकडे ९ ऑगस्टची बँकेची नोंद आहे, त्यामुळे त्याला उत्तर देता येईल. ती नोंद नसती, तर रोख दीड लाखाबद्दलची शंका चेकच्या संपूर्ण रकमेवर सावली टाकू शकली असती, कारण चेक एकच आहे आणि तो पूर्ण रकमेचा आहे.

याच कारणाने आणखी एक चूक जीवघेणी ठरते. समजा, चेक दिल्यानंतर पण तो बँकेत भरण्यापूर्वी दुकानदाराने पन्नास हजार परत केले आणि शिक्षकाने तरीही चार लाखांचाच चेक भरला. त्या दिवशी देणे साडेतीन लाखांचेच होते, म्हणून कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या दशरथभाई पटेल प्रकरणात ठरवले. दिवाणी दाव्यात हीच चूक फार तर पन्नास हजारांनी रक्कम कमी करते. फौजदारी प्रकरणात ती सगळी तक्रार बुडवते. दोन न्यायालये एकाच त्रुटीकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसते.

शिक्षक अनेकांना नियमितपणे व्याजाने पैसे देत असेल आणि त्याच्याकडे परवाना नसेल, तर मात्र २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम त्याच्या आड येऊ शकतो. एखाद्या ओळखीच्या माणसाला एकदा दिलेले बिनव्याजी हातउसने म्हणजे सावकारी नव्हे.

फसवणुकीची फिर्याद : ‘दिले नाहीत’ आणि ‘द्यायचेच नव्हते’

पोलीस ठाण्यात गेल्यावर शिक्षकाला बहुधा समजपत्र मिळेल : आपला वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने योग्य त्या न्यायालयात दाद मागावी. पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते आणि कधी ती असतेही, पण या उदाहरणात ते उत्तर कायद्याला धरून आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यासाठी अप्रामाणिक हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून असावा लागतो. पुढे शब्द मोडला, म्हणजे आधीपासून फसवायचे होते असे होत नाही. मे २०२५ मध्ये खात्यात पैसे नव्हते, यावरून ऑगस्ट २०२४ मध्ये दुकानदाराच्या मनात काय होते ते कळत नाही. त्याचे दुकान खरे होते, माल अडकला असल्याचे निरोप त्याने पाठवले, त्याने नाव किंवा पत्ता लपवला नाही. त्याने फसवले असेल, पण ‘फसवलेच असले पाहिजे’ हे म्हणता येत नाही, आणि संशयाचा फायदा त्याला मिळेल.

चित्र कधी बदलेल? त्याच आठवड्यात त्याने आणखी पाच जणांकडून तीच गोष्ट सांगून पैसे घेतले असतील, बंद झालेल्या खात्याचा चेक सुरुवातीलाच दिला असेल, किंवा खोटी ऑर्डर दाखवून पैसे काढले असतील, तर हेतू त्या पहिल्या दिवशीच्या कृतीतून दिसतो. अशा वेळी फिर्यादीत ‘विश्वासघात केला’ असे मोघम न लिहिता, कोणत्या तारखेला कोणते खोटे सांगितले आणि त्यावर विसंबून आपण काय केले, ते नेमके लिहावे.

केवळ दबाव आणून पैसे काढण्यासाठी फौजदारी फिर्याद करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी प्रकरणात कडक शब्दांत समज दिली आहे. अशी फिर्याद उच्च न्यायालय रद्द करू शकते, आणि ती उलटतपासणीत तक्रारदाराच्याच अंगावर येते : आधी पोलिसांना एक सांगितले, दाव्यात दुसरे. तिन्ही ठिकाणी कथन शब्दशः जुळले पाहिजे.

या वाटेवर फिर्यादी हा प्रकरणाचा मालक राहत नाही, हेही ध्यानात असावे. खटला राज्य चालवते, सरकारी वकील बाजू मांडतात आणि शिक्षक केवळ एक साक्षीदार उरतो. दिवाणी दावा पक्षकार केव्हाही आपसात मिटवू शकतात, कलम १३८ चे प्रकरणही तडजोडीने मिटते, पण फसवणुकीचा खटला मिटवायला न्यायालयाची परवानगी लागते.

तिन्ही एकाच वेळी चालली तर

तसे चालवता येतात. एका निकालातील निष्कर्ष दुसऱ्या न्यायालयाला बांधून ठेवत नाहीत, कारण तराजूच वेगळे आहेत. २००५ च्या इक्बालसिंग मारवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितले. दुकानदार फसवणुकीतून सुटला, म्हणून ‘देणेच नव्हते’ असे तो दिवाणी न्यायालयात म्हणू शकत नाही. तसेच हुकूमनामा झाला, म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. मात्र एकीकडे दिलेली साक्ष दुसरीकडे त्याला दाखवून उलटतपासणी करता येते.

पैसे दोनदा मिळत नाहीत. कलम १३८ च्या प्रकरणात नुकसानभरपाई म्हणून मिळालेली रक्कम दिवाणी न्यायालय विचारात घेते. खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागण्याची तरतूद २०१८ पासून कलम १४३अ मध्ये आहे, आणि ती मागायला विसरू नये.

दरम्यान दुकानदाराचे निधन झाले, तर त्याच्याविरुद्धची दोन्ही फौजदारी प्रकरणे तेथेच संपतात. दिवाणी दावा वारसांवर चालतो, त्यांच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरता. हुकूमनामा झाल्यावर रक्कम आपोआप खात्यात येत नाही. त्यासाठी वेगळी दरखास्त दाखल करावी लागते आणि तिला बारा वर्षांची मुदत असते. जप्तीसाठी दुकान, वाहन किंवा खाते यांचा तपशील देण्याची जबाबदारी पुन्हा शिक्षकावरच येते, म्हणून तो तपशील दावा दाखल करतानाच गोळा करून ठेवावा.